पुढे गेलेलं घड्याळ

माझे वडील, नाना, पॉवरहाउसमध्ये स्विचबोर्डावर होते. आमचं क्वार्टर तिथून इतकं जवळ होतं की इंजिनांचा आवाज घरातल्या भांड्यांनाही लागायचा. फळीवर ठेवलेले पेले एकमेकांना लागून बारीक वाजत. इंजिन थांबलं की घरात कसंतरी व्हायचं आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहायची.

त्या काळात शहरात विजेवर चालणारी घड्याळं फार थोडी होती. आमच्याकडे एक होतं, कारण पॉवरहाउसात जसं होतं तसंच दुसरं कचेरीने नानांना वापरायला दिलं होतं. त्याला किल्ली नव्हती, लंबक नव्हता, टिकटिकही नव्हती. सेकंदकाटा थांबत थांबत न जाता एकसारखा सरकायचा. मला ते आवडायचं नाही. छावणीतल्या माझ्या इंग्रजी शाळेत सिस्टर वर्गातून फिरायच्या तशी त्याची चाल होती.

नानांनी एकदा ते उघडून मला आतलं दाखवलं. आत कडक पोलादाची एक लहानशी कडी होती. भोवतालच्या वेटोळ्यात वीज आली की चुंबकत्व गोल फिरायला लागतं, आणि ते पोलादाला आपल्यामागे ओढतं. पण हे पोलाद हट्टी असतं. एकदा घेतलेलं चुंबकत्व ते लगेच सोडत नाही, म्हणून नेहमी थोडं मागे राहतं. आणि त्या मागे राहण्यामुळेच ते ओढलं जातं, वेग घेतं आणि शेवटी फिरणाऱ्या चुंबकत्वाच्या बरोबरीने फिरू लागतं. मग ते ना पुढे जातं ना मागे पडतं. नाना म्हणाले, हे घड्याळ वेळ मोजतच नाही, आमच्या इंजिनाचे फेरे मोजतं. विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं, म्हणजे पन्नास सायकल, झाली तर वेळ बरोबर. इंजिन जरा जोरात फिरलं तर घड्याळही जोरात.

असंच आणखी एक घड्याळ चाचांकडे होतं, पण वेगळ्या जातीचं. चाचा लाइनमन होते. ते आणि नाना एकाच वर्षी नोकरीला लागले होते, आणि आमच्या मागच्याच ओळीत त्यांचं क्वार्टर होतं. कचेरीने मोडीत काढलेलं ते घड्याळ नानांनी दुरुस्त करून त्यांना दिलं होतं. त्याच्या आत कायमचा लोहचुंबक होता. तो चालू असला की एकदम बरोबर चालायचा, पण वीज गेली आणि परत आली की आपणहून उठत नसे. जागच्या जागी नुसता थरथरायचा. मागची घुंडी बोटांनी झटकन फिरवून त्याला वेग द्यावा लागे, मग तो विजेची चाल पकडे.

चाचा मला म्हणायचे, "बिटिया, ये घडी मेरे जैसी है. चिमटा लो तब उठती."

चाची आतून म्हणायच्या की घडी तरी चिमट्याने उठते, हे तर त्यानेही उठत नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुपारी मी त्यांच्याकडे शिवण शिकायला जायची. मी बोलत नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. त्या दोघींच्या वाटचं बोलायच्या.

खांबावर काम असलं की आधी लाइन बंद करावी लागे. तेव्हा खांबावरून पॉवरहाउसला निरोप द्यायची काही सोय नव्हती. म्हणून वेळ ठरवायची पद्धत होती. चाचा सकाळी स्विचबोर्डापाशी येत, आपलं खिशातलं घड्याळ तिथल्या लंबकाच्या घड्याळाशी मिळवत, आणि सांगत की अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत लाइन बंद ठेवा. लंबकाच्या घड्याळाशेजारीच विजेचं घड्याळ होतं. दोन्हींत फरक पडला की इंजिन कमीजास्त चाललंय हे नानांना कळे, आणि ते वेग थोडा बदलून विजेचं घड्याळ पुन्हा जागेवर आणत. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. शहरातल्या विजेच्या घड्याळांना आपणच चालवतो, असं ते आईला सांगायचे. आई म्हणायची, मग आमचा भातही तुम्हीच वेळेवर शिजवा.

त्या आठवड्यात लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. आणि गिरणी दोन दिवस बंद होती. गिरणी हा आमच्या पॉवरहाउसचा सगळ्यात मोठा बोजा. तो उतरला की इंजिन हलकं होतं आणि किंचित जोरात फिरतं. पन्नासच्या जागी साडेपन्नास. स्विचबोर्डावरच्या मापाकडे बघून एवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, दिवे तसेच जळतात, पंखे तसेच फिरतात. पण रात्रंदिवस साचत गेला तर विजेचं घड्याळ दिवसाला चौदा-पंधरा मिनिटं पुढे जातं. आणि शेजारी ते दाखवणारं दुसरं घड्याळ नव्हतं.

चाचा त्या सकाळी स्विचबोर्डापाशी आले नाहीत. ते आदल्या संध्याकाळीच पडेगावच्या बाजूला कामाला गेले होते. तिथूनच त्यांनी माणसाकरवी निरोप पाठवला की छावणीची लाइन अकरा ते बारा बंद ठेवा. नानांनी विजेच्या घड्याळात बघून अकराला स्विच काढला आणि बाराला लावला.

चाचा तेव्हा खांबावर होते.

मी शाळेतून आले तेव्हा आई दारात बसली होती. तिने मला आत ओढून घेतलं आणि सांगितलं, चाचा गेले. मागच्या ओळीतून रडण्याचा आवाज येत होता. तो चाचींचा नव्हता, त्यांच्या बहिणींचा होता. चाचींचा आवाज मी त्या दिवशी ऐकला नाही.

चौकशी लवकर आटोपली. लाइन ठरल्याप्रमाणे बाराला सुरू झाली, त्याअर्थी लाइनमन वेळेत उतरला नाही. त्याचं घड्याळ मागे असेल, किंवा तो रेंगाळला असेल. नळावर बायका म्हणायच्या, बिचारा, पण गप्पिष्टच होता, बिडी ओढत बसला असेल वर. चाचा बिडी ओढत नसत. हे मला माहीत होतं, पण मी कळशी भरून घरी आले.

काही दिवसांनी चाचींची बहीण आमच्याकडे आली. तिने रुमालात बांधलेलं चाचांचं खिशातलं घड्याळ नानांपुढे ठेवलं. काच तडकली होती, पण घड्याळ चालू होतं. चाची त्या दिवसापासून त्याला न चुकता किल्ली देत होत्या, पण काट्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. नानांना घड्याळातलं कळतं, तर हे मागे पडतं का ते त्यांनी बघावं आणि तसं साहेबांना सांगावं, एवढंच चाचींचं मागणं होतं. चाचा रेंगाळले असं लोकांनी म्हणू नये.

नाना ते घेऊन पॉवरहाउसात गेले. लंबकाचं घड्याळ तोवर दुरुस्त होऊन आलं होतं. रेल्वे स्टेशनवरच्या वेळेशी मिळवून त्यांनी ते भिंतीवर लावलं आणि चाचांचं घड्याळ शेजारी टांगून दोन दिवस ठेवलं. दोन्ही बरोबरीने चालत राहिली.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले, आमच्या विजेच्या घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसले. मी अभ्यास करत होते. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग म्हणाले, "त्या दिवशी तू हे घड्याळ बघूनच शाळेला निघाली होतीस ना?"

"हो."

"वेळेवर पोचलीस?"

शाळेचं फाटक बंद होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले होते, आणि माळी झाडांना पाणी घालत होता. तो मला म्हणाला होता, आज सिस्टरच्याही आधी. नाना काय विचारताहेत हे मला कळलं होतं. मी वेगळं काही सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर विश्वास ठेवला असता, असं मला अजून वाटतं. त्यांना तो ठेवायचा होता.

"लवकर पोचले," मी म्हटलं. "बरीच लवकर."

त्यांनी मान हलवली. पायांत चपला घातल्या आणि ते मोहतमीम साहेबांकडे, म्हणजे पॉवरहाउसच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की कागद वर गेले आहेत, गेलेला माणूस परत येणार नाही, तुम्हालाही मुलगी आहे. फक्त एक फरक झाला. त्यानंतर प्रत्येक स्विचला कुलूप आलं आणि किल्ली खांबावर चढणाऱ्याच्या खिशात राहू लागली. वेळ ठरवायची पद्धत संपली.

नाना चाचींना स्वतः सांगणार होते. पण चाची इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यानंतर चार महिने पाळायच्या एकांतात होत्या, परक्या पुरुषासमोर येऊ शकत नव्हत्या. म्हणून नाना बाहेरच्या खोलीत बसले आणि मी पडद्याच्या आत चाचींजवळ. छावणीच्याच लाइनवर असलेलं चाचांचं भिंतीवरचं विजेचं घड्याळ त्या दिवशी लाइन बंद झाली त्या वेळेवरच उभं होतं. वीज केव्हाच परत आली होती, पण मागची घुंडी कुणी फिरवली नव्हती. आतला चुंबक बारीक थरथरत होता.

नानांनी बाहेरून सांगायला सुरुवात केली. गिरणी, बोजा, इंजिन, पन्नास आणि साडेपन्नास. पॉवरहाउसच्या माणसाशी बोलावं तसं ते बोलत होते. मग मध्येच थांबले, आणि पुन्हा सुरुवात त्यांना जमेना.

चाचींनी माझा हात धरला. "तुम्हारे अब्बा क्या बोल रहे, बेटा?"

मला ते सांगायला लागलं. मी हळू आवाजात सांगितलं की आमचं घड्याळ पुढे गेलं होतं. नानांनी लाइन लावली तेव्हा बारा वाजायचे होते.



"मतलब, उनकी घडी सही थी."

"हो, चाची."

"वो देर नहीं किये."

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल झाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्या आता नानांना माफ करतील असं मला वाटलं. माझा हात अजून त्यांच्या हातात होता. मग तो त्यांनी माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

"भाईजान कू बोलो," त्या पडद्याकडे न बघता मला म्हणाल्या, "सच बोले, अच्छा किये. अब इस दरवाजे पे नक्को आना. तुम भी नक्को आना, बेटा."

मी बाहेर आले. नानांनी सगळं ऐकलं होतं, मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

इद्दत संपल्यावर चाचींचे भाऊ त्यांना लासूर स्टेशनला माहेरी न्यायला आले. टांग्यात सामान चढत होतं तेव्हा आईने मला जायला सांगितलं. नानांची ड्यूटी दुपारची होती, पण ते सकाळीच कपडे करून आत बसले होते. मी टांग्याजवळ जाऊन उभी राहिले. चाचींनी बुरख्याआडून माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला कळलं नाही. भावाने वेळ होतेय म्हणून टांगेवाल्याला हाक दिली आणि टांगा निघाला. वळणापर्यंत मी तिथेच होते.

घरात आले तेव्हा नाना दारातच होते.

"काही म्हणाल्या?"

"नाही."

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग डबा उचलला आणि ड्यूटीची वेळ व्हायच्या आधीच पॉवरहाउसकडे चालू लागले.