घरी विचारून सांगतो

बायको गेल्यावर मला जे फोन येत, त्यातले बहुतेक फ्लॅट विकणाऱ्यांचे असत. दोन वर्षं झाली. नातेवाइकांचे फोन तेराव्यानंतर आटले. पण जळगावात धुळे रस्त्याला एक बिल्डिंग उभी राहत होती, तिच्या ऑफिसातून मात्र, आठ महिन्यांपूर्वी मी नंबर दिल्यापासून, आठवड्याला दोन तरी फोन ठरलेले. "आबा, तब्येत कशी? मग फ्लॅटचं काय ठरलं?" तब्येतीचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे, पण विचारत तर होते.

मी दर वेळी म्हणायचो, घरी विचारून सांगतो.

ही माझी जुनी सवय. नरडाण्याकडचं गाव सोडून डाळ मिलमध्ये कामाला आलो तेव्हापासूनची. दुकानदारानं भाव सांगितला की मी म्हणायचो, घरी विचारतो, आणि जिला विचारायचं ती तिथंच पिशवी धरून उभी असायची. दुकानदार हसायचे. वस्तू पसंत नसली म्हणजे ती माझं कोपर दाबायची आणि मी ते वाक्य टाकायचो. आम्हा दोघांचं 'नाही' म्हणायचं ते असं होतं. तोंडावर नाही म्हणायची आमच्यात हिंमत नव्हती.

आता घरी कोणी नव्हतं, पण वाक्य तेवढं उरलं होतं. ऑफिसवाल्यांच्या कॉम्प्युटरात मी म्हणे 'गरम लीड' होतो. लीड म्हणजे घर घ्यायची शक्यता असलेला माणूस. गरम म्हणजे आज ना उद्या घेईलच असा. त्यांनी मला गाडीत बसवून नऊ वेळा तोच फ्लॅट दाखवला. सकाळी दहाला न्यायचे, चहा पाजायचे, पंख्याखाली बसवायचे. नवव्या वेळेपर्यंत जिन्याच्या पायऱ्या मला पाठ झाल्या होत्या. चव्वेचाळीस.

लोकांना मी सांगायचो, हे घर आमच्या घरच्यांनी पसंत केलेलं. पैसे बँकेत होते, गावाकडचा तुकडा विकलेला. तरी सही होत नव्हती.

एप्रिलच्या एका दुपारी असाच ऑफिसात बसलो होतो, गार हवा खात. तेव्हा एक पोरगी मुलाखतीला आली. चोपड्याची. चपलेवर एसटीची धूळ. बाप केळीच्या बागेत मजुरीला, ही बी. कॉम., आणि ही नोकरी मिळाली नाही तर महिनाअखेरीला खोली सोडून गावी परत. हे तिनं बिल्डर शेठला नाही सांगितलं. बाहेर माझ्याजवळ पाणी पिताना सांगितलं.

शेठनं मला उठवलं नाही. त्याच्या लेखी मी फर्निचरात जमा होतो.

त्यानं विचारलं, मोबाईलवर जाहिरात बघून कोणी नंबर टाकला, तर काय करशील? ती म्हणाली, तासाभरात फोन करीन. घरात राहणार कोण, कर्ज काढणार की पैसे हातात आहेत, ठरवणार कोण, एवढं विचारून लिहून ठेवीन. पुन्हा फोन कधी करू तेही त्यांनाच विचारीन, आणि त्याच वेळेला करीन.

शेठ म्हणाला, आम्ही आठवड्यातून तीनदा करतो. त्यातला एक नेमका जेवताना येतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

मग भावाचा विषय निघाला. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बावीस लाखांपासून. गिऱ्हाइकाला भाव कसा सांगशील, असं शेठनं विचारलं. ती म्हणाली, "बावीस सांगेन, आणि 'पासून' म्हणजे काय तेही सांगेन." मग कागदावर एकाखाली एक मांडलं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, लाइटचं मीटर, सोसायटीची देखभाल. पंचविसाच्या आसपास गेलं. वर म्हणाली, बिल्डिंगला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर जीएसटी लागत नाही, तेही सांगावं लागेल.

नऊ वेळा आलो होतो, पण हा कागद मला कोणी दाखवला नव्हता. एक सूट तेवढी सगळ्यांनी सांगितलेली. अक्कांच्या नावावर घ्या, बाईमाणसाला मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. अक्का म्हणजे माझी गेलेली बायको. दर वेळी सांगायचे. दर वेळी मी मान हलवायचो.

शेठला घाम फुटला, एसी चालू असताना. त्यानं माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, बोलणं पुरे. हे आबा आठ महिन्यांपासून अडकलेत. यांना क्लोज करून दाखव, नोकरी तुझी.

क्लोज म्हणजे गिऱ्हाइकाकडून होकार घ्यायचा. मला मात्र दुकानाचं शटर दिसलं.

पोरीनं खुर्ची ओढली. ती फ्लॅटबद्दल काही बोललीच नाही. आधी कॉम्प्युटरात माझ्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचलं, आणि मग विचारलं, "आबा, घरी विचारून सांगता. घरी कोण आहे?"

आठ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "कोणी नाही."

शेठ मोबाईलमध्ये बघायला लागला. पोरगी काही सॉरीबिरी म्हणाली नाही. उठली आणि म्हणाली, "चला, आत्ता बघून येऊ."

शेठ म्हणाला, आत्ता नको, साइट सकाळी दाखवायची असते. ती म्हणाली, राहायचं तर दुपारीही आहे ना.

तीन वाजले होते. चव्वेचाळीस पायऱ्या चढलो. स्वयंपाकघराची खिडकी सरळ पश्चिमेला, ऊन थेट ओट्यावर. मी ओट्यावर हात ठेवला आणि उचलला. तव्यावरून उचलावा तसा.

तेव्हा जिन्यातलं ते आठवलं. खरं तर विसरलोच नव्हतो. दाबून ठेवलं होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी आम्ही दोघं आलो होतो, ती असताना. तिनं विक्रीवाल्याला विचारलं होतं, मावळती कोणीकडे? तो म्हणाला, मस्त हवा येते अक्का. खाली उतरताना तिनं माझं कोपर दाबलं आणि म्हणाली, "आठे तं मीच भाजाई जासू." इथं तर मीच भाजून निघेन. मी लगेच म्हणालो होतो, घरी विचारून सांगतो.

ती गेल्यावर मला तिच्या पसंतीचं काहीतरी हवं होतं. म्हणून हेच घर तिच्या पसंतीचं, असं मी सांगत सुटलो. तिनं नापसंत केलेलं.

खाली येऊन मी शेठला सांगितलं, "मला हा फ्लॅट घ्यायचा नाही." जन्मात पहिल्यांदा दुकानात तो शब्द उच्चारला. अवघड नसतो.

शेठ पोरीला म्हणाला, हे क्लोजिंग? गिऱ्हाईक पळवलंस. पोरीनं पर्स उचलली.

मी म्हणालो, शेठ, नऊ वेळा गाडी काढली, त्या डिझेलचा विचार करा. चहाचा करा. शंभरेक फोन. तुमच्या तीन माणसांना आठ महिन्यांत उत्तर मिळालं नाही, हिला तासाभरात मिळालं. नाही हेही उत्तर शे.

शेठला डिझेल समजलं. बाकीचं समजलं असेल असं वाटत नाही. महिनाभर बघू म्हणाला. शिवाय तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हे 'घरी कोण आहे' वालं टेक्निक कुठं शिकलीस?

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. माझी लीड बंद करायची होती आणि कॉम्प्युटर कारण मागत होता. तीनच कारणं होती. बजेट नाही, दुसरीकडे घेतला, फोन उचलत नाही.

"कोणतं टाकू, आबा?"

मी म्हणालो, "लिही, घरी विचारलं. घरून नाही आलं."

"यात ते कारण नाही आबा."

"मग नवीन ओळ टाक."

टाइप केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, टाकली. आणि विचारलं, तब्येत कशी आहे? मी सांगायला लागलो. ती ऐकत होती.