पाहणी कुणी केली?

एकोणीसशे पन्नासनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. मी बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो. नोकरी कच्ची. कायम झालो नाही, तर परत जाऊन मामाच्या दुकानात गूळ तोलायचा, असं घरी ठरलेलं. मामाचा स्वभाव असा, की त्याच्यापेक्षा गुळावरचे मुंगळे परवडले.

आमचे हेडक्लार्क अहवाल लिहिण्यात पटाईत. "पंप दुरुस्त केला" असं लिहिणं त्यांना उघड्या अंगानं कचेरीत येण्यासारखं वाटे. ते लिहीत, "पाणीपुरवठा सुरळीत करण्याच्या उद्देशाने पंपाच्या दुरुस्तीची कार्यवाही पूर्ण करण्यात आली." मीही तसंच लिहायला शिकलो. नोकरी टिकवायची होती ना!

एकदा संचालकांच्या बैठकीत बावीस पानी अहवाल वाचला गेला. तिसऱ्या पानाला निम्मे संचालक घोरायला लागले. शेळगावचे एक म्हातारे संचालक होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते तेवढे जागे होते आणि भडकले होते. "सायेब, कुणी काय केलं ते न्हाय का ह्यात कुठं?"

मॅनेजरसाहेबांना ते लागलं. त्यांनी मला बोलावून हातात लाल पेन्सिल दिली. "पुढच्या बैठकीला हाच अहवाल दोन पानांत पाहिजे. 'च्या उद्देशाने', 'च्या दृष्टीने' सगळं उडवा. कुणी काय केलं ते लिहा. जमलं, तर तुमचं कायम करण्याचं बघू."

मला काय, हर्ष झाला. "पाणीपुरवठा सुरळीत करण्याच्या उद्देशाने" खोडलं, "पाणी नीट मिळावं म्हणून" लिहिलं. "दुरुस्तीची कार्यवाही पूर्ण करण्यात आली" खोडलं, "फिटरने पंप दुरुस्त केला" लिहिलं. अर्धं पान तिथंच वाचलं. मग आलं, "कालव्यालगतच्या उसाची पाहणी करण्यात आली." आता ही कुणी केली?

हेडक्लार्कना विचारलं. म्हणाले, "मी."

"कधी?"

"इंदापूरला जाताना. एसटीतून."

"पण साहेब, तुम्ही तर बसलात की झोपता."

"भिगवणच्या फाट्याला जाग आली होती," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी वाक्य लिहिलं, "हेडक्लार्कनी एसटीतून ऊस पाहिला." त्यांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पण हसणारे दात घशात जायची पाळी आता माझी होती. सतराव्या पानावर माझंच वाक्य होतं. "शेतकऱ्यांशी विचारविनिमय साधण्याच्या दृष्टीने शेळगाव येथे दौऱ्याचे आयोजन करण्यात आले." काय सांगू, वाचूनच घाम फुटला! मी गेलो होतो खरा, सायकलवर. उन्हानं भाजून निघालो. तात्यांच्या बागेत त्यांनी पेरू दिले, पोटभर खाल्ले, आणि झाडाखाली जो आडवा झालो तो चार वाजता उठलो. विचारविनिमय कसला, माझा डोळाच उघडत नव्हता.

तसंच ठेवावं म्हटलं, तर लाल पेन्सिल हातात. बरं, खोटं लिहावं, तर बैठकीत तात्या समोर. शेवटी मन घट्ट करून लिहिलं, "मी शेळगावला गेलो. पेरू खाल्ले. झोपलो. एकाही शेतकऱ्याशी बोललो नाही." मामाची तागडी डोळ्यांपुढं हलायला लागली.

बैठकीत मॅनेजरसाहेब दोन पानं वाचत गेले. एकही संचालक पेंगला नाही. माझं वाक्य आलं आणि साहेब अडखळले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं.

तात्या उठले. "व्हय, हाय खरं! धा पेरू खाल्ले ह्यानं. आनि झोपला तो असा, की आमाला वाटलं, गेला!" हसून हसून संचालकांची उपरणी खाली आली. मग तात्या म्हणाले, "सायेब, इतक्या वर्सांत ह्या कचेरीचं मला समजलेलं हे पयलं वाक्य. हे पोरगं सोडू नगा. फकस्त परत धाडा, आनि बोलायला सांगा."

मी परत गेलो. नऊ शेतकऱ्यांशी बोललो, पेरूला हात लावला नाही.

आठवड्यानं हेडक्लार्कनी माझ्या टेबलावर कागद टाकला. "घ्या, तुमचा हुकूम." मी तो उचलून वाचला. लिहिलं होतं, "आपणांस सेवेत कायम करण्याच्या प्रश्नाचा विचार करण्याच्या दृष्टीने आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे."

पूर्वीचा मी असतो तर पेढे वाटले असते. आता मी विचारलं, "विचार कोण करतंय?"

हेडक्लार्क टेबलाकडं बघत म्हणाले, "तसं... कुणीच नाही."

मी लाल पेन्सिल काढली, सगळं खोडलं, खाली लिहिलं, "आम्ही तुम्हाला कायम केले." आणि तो कागद सरळ मॅनेजरसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सही केली.