रिक्वेस्टची वेगळी चूल

मला एखादी गोष्ट कळली नाही की राग येतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्यावरच निघतो. त्या आठवड्यात मी स्वतःला फार बोलले.

दिग्रसला पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तीन टेबलं, एक कूलर आणि खालून येणारा तेलाचा वास. जिनिंगवाल्यांसाठी आम्ही गाड्यांच्या रांगेचं सॉफ्टवेअर बनवलंय. कापसाची गाडी फाटकावर आली की तिथला माणूस मोबाइलमध्ये गाडीचा नंबर आणि गाव टाकतो, आणि आत वजनकाट्याजवळच्या टीव्हीवर रांग दिसते. माझं काम हे सगळं तपासण्याचं.

तर एका जिनिंगमधून तक्रार आली. दिवसातून चार-दोन गाड्या टीव्हीवर येतच नव्हत्या. गाडीवाले भांडायचे, मागून आलेला पुढे जायचा. शेठजींचं म्हणणं, फाटकावरचे चाचा नोंद करायला विसरतात. वय झालंय, उद्यापासून त्यांना सरकीच्या गोदामात पाठवतो. आमच्या सरांनी दोन दिवस मागून घेतले आणि काम माझ्या गळ्यात टाकलं: चूक सॉफ्टवेअरची आहे की चाचांची, ते सांग.

चाचा स्वतः ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढल्या, तसं आमच्याकडे कुणीच करत नाही.

"बेटी, मी एकेक गाडी टाकली. गाडीवाल्याले गावाचं नाव पुसून मंग टाकतो. वीस साल झाले फाटकावर, विसरीन कायले?"

"बसा ना चाचा. मी पाहून राह्यली."

"गोदामात सरकीची धूळ हाय. मले दमा हाय, बेटी. तेवढं पाह्यजो."

ब्राउझर आपोआप चालवून तपासणी करणाऱ्या प्लेराइटमध्ये मी टेस्ट लिहिली. दर वेळी मोबाइलवर बोटं आपटत बसण्यापेक्षा गाडी थेट ऑफिसातल्या चाचणीच्या सर्व्हरला पाठवायची आणि मग पान उघडून ती दिसते का पाहायचं. टेस्टमध्ये `request` नावाची सोय असते. ती पान न उघडता सर्व्हरशी बोलते. तिच्याकडून आधी लॉगिन करून घेतलं, मग गाडी पाठवली, गाव 'टेस्टगाव'. सर्व्हर म्हणाला २०१, म्हणजे नोंद झाली. मग ब्राउझरच्या पानावर लॉगिन करून रांग उघडली. रांग रिकामी.

पुन्हा चालवली. २०१. रांग रिकामी. थांबायचा वेळ वाढवला, पान रिफ्रेश केलं, तरी तेच. `request`लाच विचारलं, बाई, यादी दाखव. तिने निमूट यादी दाखवली, त्यात टेस्टगावची गाडी होती! सर्व्हर म्हणतो आहे, पान म्हणतं नाही. एक तर दोघांतलं कुणी खोटं बोलत होतं, नाही तर मला वेड लागलं होतं.

माझ्या मनाने मात्र निकाल देऊन टाकला होता. चाचा खरे, सॉफ्टवेअर खोटं. मी खुशीत सरांना बोलावलं. सर खुर्चीवर मागे रेलून वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"हे लॉगिन कोणाचं हाय?"

`request`ने जुन्या यार्डाच्या नावाने लॉगिन केलं होतं, कुठल्यातरी जुन्या टेस्टमधून मीच ती ओळ उचलली होती. पानावर लॉगिन होतं नव्या यार्डाचं. एका जिनिंगची दोन यार्डं, आणि ज्याचं लॉगिन त्याला त्याचीच रांग दिसते.

"पण दोघं एकाच टेस्टमध्ये हायत ना, सर?"

"घर एक हाय, चुली दोन. `request`च्या कुकीज, म्हंजे लॉगिनच्या खुणा, वेगळ्या, पानाच्या वेगळ्या. तू या चुलीवर भात टाकला अन् त्या चुलीवरचं झाकण उघडून पाहून राह्यली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, `page.request` वापर, ते पानाच्याच चुलीवर शिजतं. पानाने लॉगिन केलं की त्याच्या कुकीज यालाही मिळतात. मी तसं केलं. आधी पानावर लॉगिन, मग `page.request`ने गाडी, मग रांग. टेस्टगाव पहिल्या नंबरवर झळकलं. दहा वेळा चालवली, दहा वेळा हिरवी, म्हणजे पास.

माझ्याच हाताने मेल लिहिला: सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही. शब्द कसे सभ्य दिसतात. दुसऱ्या दिवशी चाचा गोदामात गेले.

माझा गोंधळ मात्र गेला नाही. टेस्ट हिरवी होती आणि मला जेवण जात नव्हतं. गावाचं नाव विचारून नोंद केली, असं चाचा सांगत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते विसरणाऱ्या माणसाचं नव्हतं. पण चेहरा काही २०१ नसतो.

चार दिवसांनी मोबाइलवर नवं ॲप टाकायला मी त्या जिनिंगमध्ये गेले. फाटकाच्या खोलीत एक नवा माणूस बसला होता. त्याने टेबलावर दोन मोबाइल ठेवले.

"दोन काहून?" मी विचारलं.

"एकाची बॅटरी गेली का दुसरा घेतो, चाचाबी तसंच करत. तो जुन्या यार्डातून आणलाय, ते यार्ड औंदा बंद हाय ना."

मी दुसरा मोबाइल उघडला. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात जुन्या यार्डाचं नाव होतं. लॉगिन कुणी बदललंच नव्हतं.

तिथल्याच बाकावर लॅपटॉप ठेवून मी जुन्या यार्डाची रांग उघडली. बंद यार्डाची रांग कोण कशाला पाहील? हरवलेल्या सगळ्या गाड्या तिथे ओळीने उभ्या होत्या. वेळेनुसार, नंबर बरोबर, गावं बरोबर. एकही गाव चुकलेलं नव्हतं.

मग मला माझी पहिली, लाल टेस्ट आठवली. फाटकावरचा मोबाइल आणि काट्याजवळचा टीव्ही या खऱ्याच दोन चुली आहेत. कुणाच्या कुकीज कुणाला मिळत नाहीत. वेगळी `request` ठेवून लिहिलेली ती टेस्ट जिनिंगसारखीच होती आणि जिनिंगसारखीच फसत होती. फाटकावरही असंच लॉगिन चुकलं असेल का, एवढं एकदा विचारायचं होतं. मी दोन्ही भांडी एका चुलीवर ठेवली आणि भात शिजला म्हणून मेल पाठवला. सॉफ्टवेअर बरोबर, चाचा बरोबर आणि गाड्या गायब, हे तिन्ही एकदम खरं असू शकतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आजही नीट शिरतं असं नाही.

मी लॅपटॉप तसाच उघडा घेऊन गोदामात गेले. चाचा तोंडाला गमछा बांधून पोती मोजत होते. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी गमछा खाली ओढला, थोडं खोकले आणि बोट एकेका ओळीवरून फिरवत गावं वाचायला लागले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"चाचा, मी लिहून दिलं का तुमची..." मी लॅपटॉप मिटला. "माझी चूक झाली."

त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "म्हंजे मी टाकल्या होत्या ना, बेटी?"

"हो चाचा. सगळ्या."

"मले बी वाटाले लागलं होतं का मी विसरून राह्यलो," ते म्हणाले, आणि तिथेच पोत्यावर बसले.