बैठकबाई आणि न मारलेली उडी

मुलींच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते तिथून बाहेर फारसं पडलं नाही. एकोणीस वर्षं सगळी शाळा त्यांना बैठकबाई म्हणत आली. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘बैठकबाई’. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

उमेदीच्या काळात बाई स्वतः सात वर्षं बास्केटबॉल खेळल्या. उंची पाच फूट एक इंच. सात वर्षांत त्यांनी केलेली बास्केट मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती, आणि त्यातलं एक चुकून आपल्याच बाजूला पडलं होतं. पण बाई समोर उभ्या असताना कोणी बॉल घेऊन सरळ पुढे निघून गेली, असं क्वचितच घडलं. तेवढ्या एका भांडवलावर त्यांनी जन्म काढला.

संघात नवी मुलगी आली की पहिले पंधरा दिवस तिला बॉल हातात मिळत नसे. “आधी बसायला शीक,” बाई म्हणत. खुर्चीशिवाय बसायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली, छाती वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. भार तळपायाच्या पुढच्या भागावर, टाचा नावापुरत्या टेकलेल्या. तो भार तपासायला बाई जुन्या उत्तरपत्रिका घेऊन फिरत. मुलगी बैठकीत बसली की टाचेखाली उत्तरपत्रिका सरकवून बघत. सरकली तर ठीक. अडली तर बाई त्या उत्तरपत्रिकेतले गुण मोठ्याने वाचत, मग ती कोणाचीही असो. त्यामुळे शाळेत टाच टेकणं हा सार्वजनिक धोका मानला जाई.

घरीही सुटका नव्हती. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. शांत, डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाले की बाई सोफ्यावरून उठून धावत येत, शेवटची काही पावलं तुरुतुरु टाकत आणि एक हात उंच करून बरोबर हातभर अंतरावर थांबत.

“मी बॉल मारणार नाहीये,” यजमान म्हणत. “चहा पिणार आहे.”

“समोरची पण असंच म्हणते,” बाई म्हणत.

याला खेळात क्लोजआउट म्हणतात. समोरच्या संघाची मुलगी लांब उभी आहे, तिच्याकडे पास गेला, की आपण धावत जाऊन तिला गाठायचं. पण नुसतं धावत सुटलं तर थांबता येत नाही, आणि ती हसत बाजूने निघून जाते. म्हणून अंतराचे दोन हिस्से जोरात धावायचं, तिसऱ्या हिश्शात पावलं छोटी करायची, कंबर खाली आणायची आणि हात वर ठेवायचा. बाईंच्या भाषेत, “वाघासारखी जा, मांजरीसारखी पोच.”

संघातल्या सगळ्या मुलींना हे कमीअधिक जमलं. जमलं नाही ते एकीला, आणि नेमकी तीच सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत चपळ. पंधरा वर्षांची, काटकुळी, पाय कमरेपासून नव्हे तर थेट मानेपासून सुरू झाल्यासारखे. मैत्रिणी तिला नाकतोडा म्हणत. तिची बैठक सुरेख होती, धावणं त्याहून सुरेख. पण समोरच्या मुलीने बॉल जरा वर उचलला, की ही हवेत. समोरची नुसती हूल द्यायची, आणि नाकतोडा तिच्या डोक्यावरून पलीकडे जायचा.

शेजारच्या शाळेबरोबरच्या मैत्रीच्या सामन्यात तर कहर झाला. त्यांच्याकडे एक वेणीवाली होती. लांबून बास्केट करण्यात पटाईत आणि हूल देण्यात त्याहून पटाईत. तिने तीन वेळा बॉल उचलल्यासारखं केलं, नाकतोडा तीन वेळा उडाला आणि तिन्ही वेळा तिच्याच अंगावर उतरला. दर वेळी चूक नाकतोड्याची धरून वेणीवालीला, कोणी न अडवता मारायचे, तीन-तीन फ्री थ्रो मिळाले. तिने नऊपैकी आठ घातले. बाईंचा संघ सात गुणांनी हरला.

“तू उडतेस कशाला गं?” बाईंनी विचारलं.

“ती मारणार असं वाटतं, बाई.”

“कशावरून वाटतं?”

“तिचा चेहरा तसा असतो.”

बाईंनी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं त्या ‘कमरेकडे बघा’ म्हणून घसा कोरडा करत होत्या.

दोन दिवसांनी नाकतोड्याची आई शाळेत आली. ती बाजारपेठेतल्या चपला-बुटांच्या दुकानात काम करी. तिथे तिला चौदा वर्षं झाली होती. आल्या आल्या ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “बाई, तक्रार आहे.”

“बोला.”

“माझी मुलगी घरात सरळ चालत नाही. खेकड्यासारखी आडवी चालते. परवा आमच्याकडे पाहुणे आले, तर ही पाण्याचा तांब्या घेऊन कमरेत वाकून, आडवी आडवी आली. पाहुण्यांची बायको मला बाजूला घेऊन विचारते, डॉक्टरांना दाखवलंत का.”

“पायात पाय अडकला का तिच्या?”

“नाही.”

“पाणी सांडलं?”

“तेही नाही.”

“मग उत्तम आली,” बाई म्हणाल्या.

आईला हे उत्तर रुचलं नाही. “आणि एवढं करून हरलातच ना? मी ऐकलं, माझ्याच मुलीमुळे हरलात. तुम्ही तिला संघातून काढणार असाल तर तोंडावर सांगा, मला गोलगोल बोलणं समजत नाही.”

काढण्याचा विचार बाईंच्या मनात येऊन गेला होता. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “चला, मैदानावर चला. तुम्हाला दाखवते काय होतं ते.”

मैदानावर नाकतोडा सराव करत होता. बाईंनी आईला कोपऱ्यात उभं केलं, हातात बॉल दिला आणि मुलीला बास्केटखाली पाठवलं. “तुम्ही फक्त बॉल टाकल्यासारखं करायचं,” त्यांनी आईला सांगितलं. “टाकायचा नाही.”

आईने आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉल धरला होता, तोही कलिंगड धरावा तसा. पण मुलगी धावत आली, तेव्हा तिने भुवया उंचावल्या, बास्केटकडे डोळे लावले, खांदे उचलले, आणि असा काही चेहरा केला की बाईंनासुद्धा क्षणभर वाटलं, आता मारते. नाकतोडा उडाला, आईच्या डोक्यावरून गेला आणि कुंपणाच्या जाळीला चिकटला.

“हे तुम्ही कुठे शिकलात?” बाईंनी विचारलं.

“दुकानात. पेटीतला शेवटचा जोड आहे, असं तोंड दिवसातून वीस वेळा करावं लागतं.” मग ती जाळीकडे वळली. “आणि तू गं, कशी फसलीस? माझे पाय जमिनीवरच होते की.”

“मी पायांकडे कशाला बघू?”

“मग कुठे बघतेस? गिऱ्हाईक तोंडाने ‘घेते घेते’ म्हणतं, हाताने पर्ससुद्धा उघडतं. पण पाय दाराकडे वळलेले असले, की मी जोड परत पेटीत भरायला घेते. चेहऱ्यावर विश्वास ठेवला असता तर आपण उपाशी मेलो असतो.”

बाईंना हे ऐकून आनंद झाला आणि थोडा रागही आला. “पाय नव्हे, कंबर,” त्या म्हणाल्या. “पायांकडे बघितलं तर मान खाली जाते आणि डोक्याबरोबर तोलही जातो. कंबर खोटं बोलत नाही. आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले, की ते कमरेकडे बघतानाही दिसतं. ते सुटल्याशिवाय आपले सुटता कामा नयेत.”

“पाय,” आई म्हणाली.

“कंबर,” बाई म्हणाल्या.

दुकान मंगळवारी बंद असे. त्या दिवसापासून दर मंगळवारी दुपारी आई मैदानावर येऊ लागली. पदर खोचून कोपऱ्यात उभी राही आणि आपल्या मुलीला फसवी. कधी खोकल्याचं सोंग, कधी ‘अगं, तुझी ओढणी’. पहिल्या मंगळवारी नाकतोडा बावीस वेळा उडाला, दुसऱ्या मंगळवारी चौदा वेळा. पाचव्या मंगळवारी आईने सगळी अस्त्रं काढली, घरात पाल निघाल्याचंही सांगून पाहिलं, पण मुलगी हात वर करून, कंबर खाली ठेवून हातभर अंतरावर तशीच. आईने दमून बॉल खरंच टाकला. तो बास्केटपासून बराच लांब, पाण्याच्या टाकीवर आपटला.

आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गाठ पुन्हा त्याच शेजारच्या शाळेशी पडली. शेवटचे नऊ सेकंद उरले तेव्हा बाईंचा संघ अडतीस-सदतीस असा एका गुणाने पुढे होता आणि बॉल समोरच्यांकडे. त्यांची एक मुलगी आत घुसली, तिला अडवायला नाकतोडा बास्केटखाली सरकला, आणि तिने बॉल फिरवून कोपऱ्यात मोकळ्या वेणीवालीकडे दिला.

बाई बाकासमोर स्वतःच्या नकळत बैठकीत गेल्या होत्या.

नाकतोडा धावला. जोरात, मग तुरुतुरु, मग हात वर. वेणीवालीने बॉल उचलला, खांदे उचलले, डोळे बास्केटवर लावले. मुलगी जागची हलली नाही. प्रेक्षकांतून नाकतोड्याची आई एकटीच उठून टाळ्या वाजवू लागली. शेजारच्या माणसाने विचारलं, “अहो, झालं काय? बास्केट तर झालं नाही.”

“उडाली नाही ना,” आई म्हणाली.

वेणीवालीने पुन्हा हूल दिली. पुन्हा काही नाही. नाकतोड्याने मधला, उजव्या हाताचा रस्ता अंगाने बंद केला होता, म्हणून ती डाव्या हाताने बॉल आपटत मैदानाच्या शेवटच्या रेषेकडून निघाली. डावा हात तिचा कच्चा होता. नाकतोडा आडवा आडवा तिच्याबरोबर सरकला, पायात पाय न घालता, छाती तिच्यासमोर ठेवून. रस्ता अरुंद होत गेला, आणि वेणीवालीचं पाऊल रेषेवर पडलं. पंचांनी शिट्टी वाजवली. बॉल बाईंच्या संघाला मिळाला, आणि उरलेले चार सेकंद मुलींनी तो एकमेकींकडे देत काढले.

मुली ओरडत बाकाकडे आल्या, तर बाई अजून बैठकीतच होत्या.

“बाई, जिंकलो.”

“कळलं. मला उठवा,” बाई हळूच म्हणाल्या. “गुडघे धरलेत.”

चौघींनी त्यांना तशाच बसल्या बसल्या उचललं. प्रेक्षकांना वाटलं मुलींनी आनंदाने बाईंना उचललंय, म्हणून त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. बाईंनीही मग एक हात हलवला.

बक्षीस सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्या मुलीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. नाकतोड्याच्या नावापुढे गुण दोन होते. पण बसथांब्याकडे चालताना बाई लंगडत लंगडत तिच्याच बाजूने चालल्या आणि म्हणाल्या, “पाऊल रेषेवर पडलं, ते तुझ्यामुळे. कंबर बघितलीस ना?”

मुलगी उत्तर देणार, तोवर दुसऱ्या बाजूने आई म्हणाली, “रेषेवर पडलं ते बुटामुळे. मी आधीच बघितलं होतं. त्या मुलीला बूट एक नंबर मोठा होतोय.”

बाई थांबल्या. आईही थांबली. बस आली, आणि नाकतोडा एकटाच आत जाऊन तिघींसाठी जागा धरून बसला.