बोटांविषयीची ओळ

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये जहाजांच्या दुरुस्तीच्या कामात होता. त्याच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा त्याने आईला तिकडे बोलवायचं ठरवलं. आई पनवेलच्या कोळीवाड्यात एकटीच राहायची आणि रोज सकाळी मासळी बाजारात आपल्या ओट्यावर बसायची. मी लग्नानंतर नवीन पनवेलला सोसायटीत राहायला गेले होते आणि बेलापूरला एका सरकारी कचेरीत कामाला होते. त्यामुळे भावाने फोनवर सांगून टाकलं, "व्हिसाचा अर्ज ऑनलाइन आहे, मेल इंग्रजीत येतात. तुझाच पत्ता देतो. आईला नीट समजावून सांग."

समजावून सांगायचं काम मला येतं, असं मला वाटायचं. कचेरीत वरून आलेली इंग्रजी परिपत्रकं सगळ्यांना कळतील अशा मराठीत करायचं काम माझ्याकडेच असे.

अर्ज मी कचेरीतच बसून भरला. आईचा व्यवसाय काय, या रकान्यात मी 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण पुढे 'कशाचा' असं विचारलं होतं, तिथे माझी बोटं जरा थांबली. मग मी 'मासळी विक्री' लिहिलं, आणि शेजारच्या टेबलावरची बाई स्क्रीनकडे बघत नाही ना, हे आधी बघितलं.

घरपट्टीची पावती आणि बाजारातल्या ओट्याचा परवाना मराठीत होता. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडायचं, त्याखाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा, आणि भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचं लिहून द्यायचं, अशी अट होती. तेही मीच केलं. शब्द न् शब्द जुळवला.

मग अपॉइंटमेंटची मेल आली. लांबलचक होती. तारीख, वेळ, मुंबईतला पत्ता, काय आणायचं, काय आणायचं नाही, आत फक्त अर्जदारालाच सोडणार. ही शेवटची गोष्ट वाचून मला काळजी वाटली. म्हणजे आई आत एकटी असणार. ती चौथीपर्यंत शिकलेली. मोठ्या अक्षरातलं मराठी सावकाश वाचायची, पण इंग्रजी अजिबात नाही.

म्हणून मी कोऱ्या कागदावर जाड पेनाने सगळं मराठीत उतरवलं. सर्वांत वर वार आणि तारीख, महिना आकड्यात नाही, अक्षरात. कारण आकड्यांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकते. त्याखाली वेळ, आणि 'सकाळी' हा शब्द वेगळा, अधोरेखित. मग कागद, एका ओळीत एकच. नवा पासपोर्ट. जुना पासपोर्ट. अपॉइंटमेंटची छापील प्रत. सही केलेला अर्ज. बँकेचं पत्रक. मुलाचं बोलावण्याचं पत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स. ज्याची मूळ प्रत हवी तिथे 'मूळ' आणि जिथे झेरॉक्स चालते तिथे 'झेरॉक्स'. फोन आणि मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, हे शेवटी चौकटीत.

बोटांविषयीही एक ओळ होती. तिथे दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे घेणार होते. मेलमध्ये म्हटलं होतं की बोटांच्या टोकांवर काप, ओरखडे, मेंदी किंवा इतर खुणा नसाव्यात. मी ती वाचली, आणि लिहिलं: 'हात स्वच्छ असावेत.'

कोळीवाड्यात जाऊन मी तो कागद तिला दिला. ओटीवर बसून तिने तो बोट फिरवत वाचला. हातांविषयीच्या ओळीशी थांबली.

"हे बी त्यांनीच लिवलंय?"

"हो," मी म्हटलं.

तिने कागद घडी करून पदराच्या टोकाला बांधला. "येते म्हणावं," एवढंच म्हणाली, कुणीतरी दारात निरोप घेऊन आल्यासारखं.

अपॉइंटमेंटच्या दिवशी आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. आईने लग्नासमारंभाला नेसायची ती हिरवी साडी नेसली होती, आणि केसांत गजरा नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "वास नको कसलाच." मला ते तेव्हा विचित्र वाटलं नाही. मी फाइलमधले कागद पुन्हा एकदा क्रमाने लावत होते.

इमारतीच्या दारात रखवालदाराने तिला आत सोडलं आणि मी बाहेर फुटपाथवर उभी राहिले. तिथे बरेच जण होते. इस्त्रीचे शर्ट, कॉलेजच्या मुली, इंग्रजीत बोलणारे आईबाप. एकीने मला विचारलं, "तुमच्या सासूबाई का?" मी म्हटलं, "हं." का म्हटलं, ते सांगता येणार नाही. तिने जे मानलं, ते मी खोडलं नाही.

आई बाहेर आली ती दोन्ही हात पदरात घेऊन.

"कागद सगले बरोबर होते," ती म्हणाली. "एक बी परत नाय केला. पन बोटं नाय उठली."

"म्हणजे?"

"काचेवर ठेवली. मग पुसून ठेवली. मग त्या पोरीनं क्रीम लावून ठेवली. नाय उठली. नंतर कलवतील म्हनाली."

मी तिचे हात पदरातून बाहेर काढले. बोटांची टोकं लाल होती, सोललेली. दोन ठिकाणी कातडी फाटून पाणी आल्यासारखं दिसत होतं.

"आये, हे काय झालं?"

"तूच लिवलेलंस ना, हात स्वच्छ. रोज लिंबू लावत व्हते. तरी वास जाईना. मग काल वजरीनं घासले." वजरी म्हणजे टाचा घासायचा खरखरीत दगड. मग तिने उजवा तळवा माझ्या नाकाजवळ आणला. "आता बघ. येतो का गो?"

आजूबाजूला ती सगळी माणसं होती. मी मान हलवली, नाही येत. प्रत्यक्षात मी श्वासच घेतला नव्हता.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "गोऱ्या लोकांना वास लगेच येत असेल. त्यांचं बी बरोबर हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. वाशीचा पूल, खाली खाडी.

काही दिवसांनी मेल आली. ठशांचा दर्जा पुरेसा नव्हता, पुन्हा द्यावे लागतील. अमुक तारखेच्या आत आला नाहीत तर अर्ज बाद ठरेल. येताना या मेलची छापील प्रत आणि फोटो असलेलं ओळखपत्र आणावं. पासपोर्ट त्यांच्याकडेच होता. आणि खाली तीच जुनी ओळ.

कागदावर लिहून पाठवायची हिंमत मला झाली नाही. संध्याकाळी बाजार उठल्यावर मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर बसली होती, बोटांना खोबरेल लावलेलं. शेजारची काकी तिच्याजवळ होती. मी काकीसमोर वाचायला नको म्हणून घुटमळत होते, ते आईच्या लक्षात आलं.

"वाच. तिला काय, मना काय. पन तू सांगू नको. वाच. जे लिवलंय तेच."

मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. तारखेशी तिने थांबवलं.

"ह्या दिवशी गेलं तर चालंल, का ह्याच्या आदी?"

"या दिवसापर्यंत. हा शेवटचा दिवस. त्यानंतर गेलो तर सगळा अर्ज पहिल्यापासून."

"म्हंजे त्याच्या आदी कवा बी."

"कधीही नाही. वेळ आधी घ्यावी लागते. मी मंगळवारची घेतेय."

"बरं. फुडं."

पुढे ती ओळ होती. मी वाचली. बोटांच्या टोकांवर काप, ओरखडे, मेंदी किंवा इतर खुणा नसाव्यात.

आईने ती ओळ मला पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "यात हात धुवायचं कुटं हाय?"

"नाहीये."

"मागच्या टायमाला काय लिवलेलं?"

खोटं बोलायला जागा होती. नियम बदलला म्हणता आलं असतं, आणि तिने मानलंही असतं. काकी माझ्याकडे बघत होती.

"हेच होतं," मी म्हटलं.

"मग स्वच्छ कुनी लिवलं?"

"मी."

ती रागावली असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. तिने फक्त आपल्या हातांकडे बघितलं, मग काकीकडे. काकी उठली, "चूल बघते गो," म्हणत घरी गेली. आईने पाय जरा आखडून घेतले. मी तिच्या शेजारी बसले होते, तरी मला वाटलं की तिने माझ्यासाठी जागा केली नाही, माझ्यापासून अंतर घेतलं.

"मला तसं म्हणायचं नव्हतं, आये. घाईत लिहिलं."

"बाकीचं तर घाईत नाय लिवलंस," ती म्हणाली. "झेराक्स आनि मूल, सगलं येगलं येगलं लिवलंस."

कॉलेजात असताना तिने शिवलेल्या पिशवीतून मी वह्या नेत नसे, हे तिला माहीत होतं. सोसायटीत ती आली की मी जिन्यातच तिच्या हातातली टोपली घेऊन पटकन आत नेत असे, तेही. मी तिच्यासाठी किती करते असं मला वाटायचं, आणि ती गप्प राहून ते मला वाटू द्यायची.

"मंगलवारी कवा निघायचं?" तिने विचारलं.

मधले दिवस ती ओट्यावर बसली, पण कोयता काकीने चालवला. आई नुसती वजन करून द्यायची. मी रोज कचेरीतून परतताना बाजारात थांबायला लागले. एक दिवस सोसायटीतली एक ओळखीची बाई पापलेट घ्यायला आली. "अरे, तुम्ही इथे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ही माझी आई." आईने वर बघितलं नाही. पापलेट पिशवीत घातलं आणि हिशेब सांगितला. तिला माझ्या त्या वाक्याशी काहीच घेणंदेणं नव्हतं. ते मी फार उशिरा म्हटलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर.

मंगळवारी ठसे उठले. ती बाहेर येऊन म्हणाली, "झालं," आणि गाडीत झोपली.

व्हिसा मिळाला. पासपोर्ट तयार असल्याची मेल आली. अर्जदाराने स्वतः यावं किंवा कुणाला सहीचं पत्र देऊन पाठवावं, सोबत पावती. मी तिच्याकडे गेले आणि ती मेलही पूर्ण वाचली, कचेरीच्या वेळा, सुटीचे दिवस, 'आपला विश्वासू' सकट. तिने एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. मला पासपोर्ट आणायला पाठवायच्या पत्रावर सही करण्याआधी तिने विचारलं, "ह्यात काय लिवलंयस?"

मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मग कागद माझ्याकडून घेऊन दिव्याखाली धरला आणि स्वतः वाचायला लागली. इंग्रजीच्या खाली मी ते पत्र मराठीतही लिहिलं होतं. तिला वेळ लागला. मी तोवर उभी होते. शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्यावर तिने पेन उचललं आणि सही केली.