खाली म्हणजे काय

मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे आपलंही काही चुकू शकतं हे माझ्या ध्यानात जरा उशिरा येतं. शिवाय मी तापट आहे. आई म्हणते, तुझ्या नाकावर राग नाही, नाकच रागाचं आहे.

आई माझ्याजवळ राहते. राहनाळची शेती गोदामांत गेली, भाऊ तिकडेच नव्या घरात राहिला आणि आई भिवंडीतल्या कल्याण नाक्याजवळच्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. तिला जुना मधुमेह. सकाळी आठला ती स्वतःच्या हाताने पोटाला इन्सुलिनची सुई टोचते आणि अर्ध्या तासाच्या आत भाकरी खाते. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे दुखत असल्यामुळे जिना उतरताना तिला कुणाचा तरी हात लागतो. माझी शाळा सकाळची, मी साडेसहाला घर सोडते. म्हणून दीड वर्षापूर्वी मी ड्रायव्हर ठेवला.

ते माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावाकडे जीप चालवायचे. भिवंडीला नात्यातल्या कुणाच्या पॉवरलूमवर काम करायला म्हणून आले, पण त्या खडखडाटात त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि ते पुन्हा स्टिअरिंगकडे वळले. मराठी त्यांना येत नव्हती. आईला हिंदी येत नाही. आणि मला येते, असा माझा समज होता. भिवंडीत वाढलेल्या प्रत्येकाचाच तो असतो. भाजीवाला, रिक्षावाला, लूमवाला, सगळ्यांशी आपण हिंदीत बोलतो आणि ते बिचारे समजून घेतात. त्यांनी समजून घेतलं की आपल्याला वाटतं आपण बरोबर बोललो.

ड्रायव्हरना मी ‘तुम’ म्हणायचे. आपल्या ‘तुम्ही’चंच ते भावंड, मान दिला की आपण, असा माझा हिशोब. ते मात्र मला, आईला, खालच्या वॉचमनलाही ‘आप’ म्हणायचे. हा फरक मला ऐकू येत होता, पण तो त्यांच्याकडच्या गोडव्याचा भाग आहे असं समजून मी सोडून दिलं होतं. सूचना मी थोडक्यात द्यायचे. “गाडी निकालो.” “आई को हात देना.” “पिशवी खाली रखो.” त्यावर त्यांचं एकच उत्तर, “जी मॅडम.” उलट प्रश्न कधी नाही. माणूस समजूतदार आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

त्या मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कल्याणला न्यायचं होतं. ड्रायव्हरनी तिला घरून घ्यायचं, मग शाळेपाशी येऊन मला घ्यायचं, असं ठरलं. सकाळी प्रार्थना चालू असताना मी त्यांना मेसेज टाकला, “आई को साडेआठ बजे खाली लाना.” पाठवला आणि विसरले.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. ते सव्वाआठला वर गेले तेव्हा आई सुई टोचून ताटावर बसली होती. त्यांनी ताट पाहिलं आणि घाबरले. मागे एकदा त्यांनीच तिला रक्ततपासणीला नेलं होतं आणि तेव्हा लॅबवाल्याने बजावलं होतं, खाली पेट आना. आज मॅडमनी लिहिलंय, खाली लाना. म्हणजे उपाशी आणायचं. त्यांच्या भाषेत ‘खाली’ म्हणजे रिकामं, आणि जिन्याच्या पायथ्याला म्हणतात ‘नीचे’. हात जोडून ते आईला म्हणाले, “अम्मा, अभी खाना नहीं है, मॅडम ने मना किया है.” आईला ‘खाना’, ‘नहीं’ आणि ‘मॅडम’ एवढं समजलं. तिने तोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. त्यांनी भाकरी आणि भाजी डब्यात भरली, तपासणी झाली की लगेच खायला मिळावी म्हणून डबा बरोबर घेतला, आणि हाताला धरून एकेक पायरी तिला उतरवलं.

नाक्यावर कंटेनर अडकला होता. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. गाडी शाळेपाशी आली, मी दार उघडलं आणि आईकडे पाहिलं. एसी चालू होता आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात थरथरत होते. “मना गरगरतंय गो,” ती म्हणाली.

“भाकरी खाल्लीस?”

“न्हाय. तुजा निरोप हाय म्हनला ह्यो, खाऊ नको.”

सुई टोचलेली आणि पोट रिकामं. मी ओरडले, “शक्कर! शक्कर लाओ, जल्दी!” ही हिंदी त्यांना बरोबर समजली. ते समोरच्या चहाच्या टपरीवर धावले आणि भरल्या ग्लासात मूठभर साखर ढवळतच आले. आई शुद्धीवर होती, तिला गिळता येत होतं, एवढं नशीब. घोट घोट करत तिने अर्धा ग्लास संपवला. पंधरा मिनिटांत थरथर थांबली. मग त्यांनी पुढच्या सीटवरून डबा काढून उघडून दिला आणि आईने गाडीतच भाकरी खाल्ली.

तिचा जीव थाऱ्यावर आला आणि माझी जीभ सुटली. भर रस्त्यात, शाळेच्या फाटकासमोर मी त्यांना बोलले. “भूखा रखने को किसने बोला? तुमको अक्कल है क्या? मेरी आई मर जाती तो?” आजूबाजूला चार माणसं थांबली. ते मान खाली घालून उभे होते. माझं संपल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, मेसेज उघडला आणि माझ्यापुढे धरला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला, “आई को… साडेआठ बजे… खाली लाना.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तोंडाने ‘खाली’ म्हणताना माझा हात आपोआप जमिनीकडे जात असे आणि दीड वर्ष ते माझ्या हाताकडे बघून समजत होते. मेसेजमध्ये हात जात नाही. शब्दच तेवढा गेला, आणि तो माझा होता.

खरं तर तिथेच माफी मागायला हवी होती. पण चार माणसांसमोर चढवलेला आवाज चार माणसांसमोर उतरवायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती. “चलो,” एवढंच म्हणाले. कल्याणला जाऊन आलो. डॉक्टरांकडे साखर तपासली, ठीक निघाली.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. “मॅडम, हमसे नहीं होगा,” ते म्हणाले. “आपने डाँटा, उसकी बात नहीं है. अम्मा की जान का मामला है. आज हमने उल्टा समझा, कल फिर समझेंगे.”

मला भीती वाटली. दुसरा ड्रायव्हर मिळाला असता, पण भाकरीचा डबा आठवणीने बरोबर घेणारा मिळाला असता की नाही, कुणास ठाऊक. आणि शरम वाटली, त्याहून जास्त. “बैठिए,” मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना तोंडातून ‘इए’ बाहेर पडण्याची ती पहिली वेळ. ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

“गलती मेरी थी,” मी म्हणाले. “शब्द मेरा गलत था. आपने तो ठीक पढ़ा.”

आतून आई म्हणाली, “त्याला कशाला बोलतंस? मना भूक लागली व्हती तरी मी गप ऱ्हायले. त्यो इचारायला भ्याला, मी पन भ्याले.”

“कुणाला भ्यालीस?”

“तुला. आनि कुनाला?”

मी वळून त्यांना विचारलं, आपको शक नहीं हुआ? सुई के बाद भूखा? “हुआ था,” ते म्हणाले. “फोन भी निकाला था. फिर सोचा, आप क्लास में होंगी, नाराज़ होंगी. बोलेंगी, लिखा तो है.”

अगदी हेच बोलले असते मी. शब्दन्‌शब्द. त्या क्षणी मला स्वतःची चीड आली. दीड वर्ष ज्याला मी समजूतदारपणा म्हणत होते, ती माझी धास्ती होती.

त्या दुपारी आमची शिकवणी झाली. ते गुरुजी, मी विद्यार्थिनी. ‘अम्मा को नाश्ते के बाद नीचे ले आइए,’ असं त्यांनी मला लिहायला लावलं. एका ओळीत एकच काम. कुठे, किती वाजता, खाऊन की न खाता, हे वेगवेगळं. माझ्या ‘साडेआठ’चं त्यांनी हळूच ‘साढ़े आठ’ केलं. माझी वही पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी तपासली, आणि लाल शाई न वापरता. एक गोष्ट मी सांगितली, निरोप मिळाला की नुसतं ‘जी’ म्हणायचं नाही, काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आणि शंका आली तर फोन करायचा, मी वर्गात असले तरी. “नाराज़ हुई तो?” त्यांनी विचारलं. “हुई तो भी,” मी म्हणाले. किल्ली उचलून ते गेले, पण त्यांचा विश्वास बसला असेल असं मला वाटलं नाही.

दोनेक आठवडे सगळं सुरळीत चाललं. मी लिहायचे, ते उलट लिहायचे, फोन मात्र कधी आला नाही. मग आईची रक्ततपासणी ठरली, खरोखरच उपाशीपोटी करायची. सकाळी मी फार जपून लिहिलं. “आज खून की जाँच है. अम्मा को आठ बजे नीचे ले आइए. खाली पेट. पानी पी सकती हैं.” चार ओळी, चारही शुद्ध. स्वतःवर खूश होऊन मी वर्गात गेले.

आठला पाच कमी असताना फोन वाजला. फळ्यावर माझं वाक्य अर्धवट राहिलं होतं आणि कपाळाला आठी पडलीच. तरी मी फोन घेतला.

“मॅडम, एक बात पूछनी थी.” आवाज दबका होता.

“पूछिए.”

“अम्मा सुई हाथ में लेकर बैठी हैं. आज खाना नहीं है, तो सुई लगेगी?”

मी चार ओळी लिहिल्या होत्या. पाचवी, जी सर्वांत महत्त्वाची, तीच राहिली होती.

“नहीं,” मी म्हणाले. “अभी नहीं. सुई जाँच के बाद, नाश्ता सामने आए तब.”

“सुई अभी नहीं. पहले जाँच. फिर नाश्ता सामने रखकर सुई,” ते म्हणाले. मग फोन जरा लांब गेला आणि मला ऐकू आलं, “अम्मा, रख दीजिए. मॅडम से पूछ लिया है.”

मी खुर्चीवर बसले.

“बाई, काय झालं?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“काही झालं नाही,” मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले.