सप्टेंबरचा जवळा

माझ्या जमुनाताईला गावात आता 'कागदवाली' म्हणतात. म्हणू देत. ज्यांनी म्हणायला सुरुवात केली त्यांचे जेवणाचे डबे मी पाहिलेत, म्हणून सांगते.

जमुना माझ्याहून मोठी. तिचं लग्न धाकट्या डहाणूत झालं, माझं चिंचणीत. मी बाजारात मासे विकते, तोंडाने फटकळ आहे, गिऱ्हाईकाला दोन शब्द सुनवायला मागेपुढे बघत नाही. जमुनाचं उलट. कोणी मागितलं की हिचा हात आधी पुढे जातो, डोकं मागून चालत येतं. लहानपणी मी आईला सांगायची, हिला मासे विकायला पाठवू नको गो, ही वाटून येईल. आई हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

पण बाई हुशार. गावातल्या बावीस बायकांचा गट तिने उभा केला. सुक्या जवळ्याची, म्हणजे बारक्या कोळंबीची चटणी, लसूण-खोबरं घालून, बरणीत. कोसबाडच्या कृषी केंद्रात जाऊन प्रशिक्षण घेतलं, सून योगिता बारावी झालेली, तिला हाताशी धरलं. डहाणू रोडचा जिग्नेशभाई मुंबईच्या दुकानांना माल पुरवतो, त्याला चटणी आवडली. तो म्हणाला, "जमुनाबेन, पावसाळ्याचे चार महिने मला न चुकता माल द्या, पुढे वरसभर तुमचीच बरणी ठेवतो. पण शेल्फ रिकामा नको हां, खाली शेल्फ कोणी आपल्यासाठी धरून ठेवत नाय."

ते चार महिने म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या बाईला विचारा. जून-जुलै बोटी बंद. बायका टेम्पोत बसून तारापूरकडच्या रसायनांच्या कंपन्यांत ठेक्यावर जातात, संध्याकाळी घरी आल्या की अंगाला असा वास की पोरं जवळ येत नाहीत. योगिता एक पावसाळा गेली होती, हातांची कातडी सोलून आली. जमुनाला एवढंच हवं होतं: पावसात बायकांना गावातच काम मिळावं, सुनेने त्या टेम्पोत पुन्हा पाय ठेवू नये. दुसरं काही मागितलं नव्हतं तिने देवाकडे.

मे महिना लागला तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. गटाच्या कोठीच्या दारावर खडूने आकडे, योगिताच्या हातात तेच कागदावर. मी म्हटलं, "हे काय, देवाचा पाळणा लिहिलास?"

"हसू नको," जमुना म्हणाली. "ऐक. जिग्नेशभाईने अंदाज दिलाय. जूनला आठशे बरण्या, जुलैला आठशे, ऑगस्टला श्रावण म्हणून तीनशेच. सप्टेंबरला मात्र दीड हजार. गणपती गेले की लोक मासळीवर तुटून पडतात."

"म्हणजे चौतीसशे बनवायच्या."

"इथेच सगळे फसतात. विकायच्या चौतीसशे. सप्टेंबर संपताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्हणून तीनशे हाताशी हव्यात, त्या मिळवायच्या. जून उजाडताना दोनशे तयार असणार, त्या वजा. बनवायच्या पस्तीसशे."

मग योगिताने पुढचं सांगितलं. एका किलो जवळ्यात दहा बरण्या. पस्तीसशे बरण्यांना साडेतीनशे किलो. पावसात जवळा सुकत नाही, चांगला नवा माल ऑक्टोबरातच, तोवर चूल विझू नये म्हणून सप्टेंबरअखेर तीस किलो शिल्लक पाहिजे. म्हणजे मे संपताना कोठीत तीनशेऐंशी हवा. मेच्या बरण्यांना ऐंशी लागणार, ते धरून चारशेसाठ. महिन्याच्या सुरुवातीला कोठीत साठ होता, तो वजा. मेमध्ये चारशे किलो घ्यायचा.

मला मेलीला कौतुक वाटलं. तोंडाने मात्र म्हटलं, "जवळा काय तुझ्या दारावरचं वाचून जाळ्यात येणार?"

आला की! त्या मेमध्ये जवळा असा पडला की सुकवायच्या खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघरच्या बायकांनी सुकवला आणि गटाला विकला, रोख घेतलं. गटातली जयवंती तर रोज टोपली घेऊन पहिल्या नंबरला. जमुनाचा नवरा रामा, स्वतः बोट चालवणारा तांडेल, म्हणाला, "अजून शंभर-दीडशे घेऊन ठेवू या का? माल आहे." जमुना म्हणाली, "नको, लागेल तेवढाच. जास्तीचा पडून राहिला, दमट झाला तर बायकांच्या कष्टाची माती." हिशेबाने बोलली. चूक काय बोलली? चारशे किलो पुरता भरला आणि तिने खरेदी थांबवली.

आता आमच्याकडची रीत सांगते. पाऊस तोंडावर आला की प्रत्येक घर बेगमी करतं. जवळा, बोंबील, मांदेली डब्यात भरून ठेवायची, चार महिने त्यावर काढायचे. बेगमी न केलेली बाई म्हणजे आळशी, असं सासवा बोलतात. त्या वर्षी बायकांनी घरचा सगळा जवळा गटाला विकला होता. घरात डबे रिकामे. आणि कोठीची किल्ली जमुनाच्या ओट्यावर खिळ्याला.

मेच्या शेवटच्या दिवसांत एक आली, सूप भरून घेऊन गेली. मग दुसरी. कोणी लपून नेला नाही, हे ध्यानात घ्या. गप्पा मारत, पान खात, जमुनाच्या डोळ्यांदेखत. "घरच्यापुरता नेते गो." जमुना म्हणायची, "ने." तिला वाटलं मूठ-दोन मूठ. कोणी तीन किलो नेला, कोणी आठ. जयवंतीने तर पोरीच्या सासरीही पाठवला.

पहिल्या जूनला योगिताने डबे तोलले. तीनशेऐंशीच्या जागी दोनशेसाठ. पुन्हा तोलले. तेवढेच.

"एकशेवीस किलो कमी," योगिता म्हणाली. "बाराशे बरण्या. आई, आपण दुकानांची मागणी धरली, आपल्या घरांची धरलीच नाही. ती धरली असती तर चारशेऐवजी पाचशेवीस घेतला असता. तेव्हा मिळतही होता."

जमुनाने स्वतः एक डबा उचलून पाहिला. म्हणाली, "घरातला घास कागदावर कोण मांडतं बाय?"

मला हे कळलं तशी मी पहिल्या एसटीने गेले. गटाची बैठक बसली होती. जमुना हात जोडून सांगत होती, प्रत्येकीने निम्मा तरी परत आणा. सगळ्या साडीचा पदर चाळवत बसलेल्या. त्यांच्यातली रुपल म्हणाली, "आमच्यात खाऊन पण झाला." जूनच्या पहिल्या आठवड्यात! पोट आहे की मच्छीमारांची सोसायटी? जयवंती म्हणाली, "आपल्याच बोटींचा, आपणच सुकवलेला. परत काय मागतेस? आम्ही काय चोर?"

मी म्हटलं, "विकलेला माल आपला कसा गो? विकलास तेव्हा रोख मोजून घेतलेस ना?"

"तू चिंचणीची, तुझं काय काम इथे?" असं म्हणून तिने माझं तोंड बंद केलं. आणि जमुनाने काय करावं? मलाच म्हणाली, "निलम, राहू दे, भांडण नको." अशी चीड आली मला! चोवीस तास हसत 'ने, ने' म्हणायचं आणि वर भांडण नको.

योगिता म्हणत होती, जिग्नेशभाईला आत्ताच सांगा, तो सप्टेंबरचा आकडा कमी करेल. आहे त्या दोनशेसाठच्या होणार सव्वीसशे, तयार दोनशे, मिळून अठ्ठावीसशे. जून, जुलै, ऑगस्टचे एकोणीसशे गेले की सप्टेंबरला उरतात नऊशे. सहाशे कमी, आणि शेवटी हाताशी ठेवायला काहीच नाही. सूनबाई बरोबर सांगत होती. पण जमुनाने आशा धरली. नारळी पौर्णिमेला बोटी निघतील, पहिल्या फेऱ्यांचा जवळा आणू, मध्ये ऊन पडेल तसा सुकवू. सांगितलं तर जिग्नेशभाई दुसरीकडे वळेल, ही भीती. आशा वाईट असते. माणसाला वेळेवर बोलू देत नाही.

तीन महिने गट सुरळीत चालला. जूनच्या आठशे गेल्या, जुलैच्या गेल्या. बायका गाणी म्हणत लसूण सोलायच्या. कंपनीच्या टेम्पोवाल्याला योगिताने दारातून परत पाठवला. जमुनाच्या घरी मात्र डाळ शिजायची. तिने स्वतःच्या घरी चिमूटभर जवळा नेला नव्हता. रामा एकदा चिडून म्हणाला, "तांडेलाच्या घरात पावसाळाभर वरण? लोक काय म्हणतील?" हिने त्याच्या पानात वरणच वाढलं.

पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, जवळा आला. ऊन नाही आलं. सकाळी पसरावा, दुपारी सर, उचलून आत, पुन्हा पसरावा. तिसऱ्या दिवशी काळा पडला, वास सुटला. गावाने नाक धरलं. जमुनाने पाट्याच्या पाट्या खाडीत ओतल्या. संजाणच्या व्यापाऱ्याकडचा आणून पाहिला, तो रेतीने भरलेला, दमट. "हा बरणीत घालायचा नाही," म्हणाली. रुपल म्हणाली, "लसणात कळणार नाही." जमुनाने नाही घातला म्हणजे नाही घातला.

गणपती गेले. जिग्नेशभाईचा टेम्पो आला. नऊशे बरण्या भरून झाल्या आणि ओटा रिकामा. तो ओरडला नाही, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाला, "बेन, जूनमध्ये बोलला असता तर मी आगे दुकानांना कमी सांगितला असता. आता मी काय तोंड दाखवू?" पुढच्या आठवड्यात त्या शेल्फवर दुसऱ्या कोणाची बरणी लागली. ऑक्टोबरात त्याने फोन उचलला, नीट बोलला, ऑर्डर दिली नाही.

मग गावाला शहाणपण सुचलं. जमुनाने कागदावर आकडे मांडले म्हणून गट बुडाला. कागदवाली. जयवंतीच सगळ्यांत मोठ्याने.

दिवाळीनंतर तारापूरचा टेम्पो पुन्हा दारोदार थांबू लागला. योगिता चढली. तिच्या शेजारी जमुनाही चढली, या वयात. आम्ही काही बोलायला गेलो तर म्हणाली, "सुनेला एकटीला कशी पाठवू?"

कंपनी माझ्या घरापासून लांब नाही. एक दिवस मी दुपारी तिला भेटायला गेले. फाटकाबाहेर शिरीषाखाली सगळ्या जेवायला बसलेल्या, गटातल्याच बहुतेक. डबे उघडले. जयवंतीच्या डब्यात सुका जवळा, कांदा घालून परतलेला. रुपलच्या डब्यात जवळा. खाऊन झालेला होता ना जूनमध्ये? तिच्या पलीकडचीच्या डब्यातही तोच. जमुनाच्या आणि योगिताच्या डब्यात वरण-भात.

माझं डोकं असं भणाणलं की त्या डब्यांवर लाथ मारावी वाटली. जमुनाने माझा हात दाबला.

जयवंतीने आपला डबा पुढे सरकवला. मनाने वाईट नाही ती, तेच तर दुखतं. म्हणाली, "घे ना जमुना. घरचाच आहे, मेमध्ये भरलेला."

जमुना डब्याकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "तो सप्टेंबरचा आहे."

जयवंतीला काही कळलं नाही. तिने डबा मागे ओढला आणि जेवायला लागली.